बँकेला डीआरसी-१३ जाते, दुकानदाराला काहीच कळत नाही

प्रति,
माननीय मुख्यमंत्री तथा अर्थमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय,

डिचोली तालुक्यात मी लहान दुकानदारांचे जीएसटीचे काम पाहतो. कर थकला तर वसूल व्हायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खाते गोठवण्याच्या वेळेची आणि पद्धतीची.

माझ्या एका अशिलाचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. गेल्या वर्षी ९ जूनला, ऐन हंगामात, घाऊक व्यापाऱ्याला दिलेला त्यांचा चेक परत आला. खात्यात ४,१०,००० रुपये होते. शाखेत विचारले तर उत्तर एवढेच, "वरून आदेश आहे, डिपार्टमेंटचं पत्र आणा." अशा वेळी पहिले काम म्हणजे त्या आदेशाची प्रत मागणे, कारण पुढचा रस्ता फॉर्मच्या नंबरावर ठरतो. डीआरसी-२२ असेल तर ती तात्पुरती जप्ती असते आणि तिच्यावर डीआरसी-२२ए मध्ये हरकत घेता येते. इथे डीआरसी-१३ होती, म्हणजे कलम ७९ खालची वसुली. त्यात बँकेला सांगितलेले असते की या माणसाचे तुमच्याकडे असलेले पैसे आम्हाला भरा. बँकेने एकदा ते भरले की खाते मोकळे करण्याला काही अर्थ उरत नाही, मग परताव्यामागे धावायचे.

मूळ आदेश २०२०-२१ सालच्या इनपुट क्रेडिटबद्दलचा होता. कर १,८०,०००, व्याज सुमारे १,३०,००० आणि दंड १८,००० रुपये. आदेश २५ फेब्रुवारी २०२५ ला पोर्टलवर चढला. ईमेल आणि मोबाइल नोंदणीच्या वेळच्या जुन्या हिशेबनिसाचे, तो केव्हाच काम सोडून गेलेला. पोर्टलवर टाकलेला आदेश कलम १६९ प्रमाणे पोहोचला असे धरले जाते, त्यामुळे कायद्याने विभाग चुकलेला नाही.

आता तारखा पाहा. अपिलाला तीन महिने, ते २५ मे रोजी संपले. कलम ७८ प्रमाणे वसुलीही साधारणपणे तीन महिन्यांनंतरच सुरू होते. उशिराचे सबळ कारण दिले तर अपिलीय अधिकारी आणखी एक महिना माफ करू शकतो, त्यापुढे त्यालाही अधिकार नाही. म्हणजे ज्याला आदेशाचा पत्ताच नव्हता त्याला खाते गोठल्यावर जाग येते आणि तेव्हा हाताशी त्या शेवटच्या महिन्यातले उरलेसुरले दिवस असतात. आमच्याकडे २५ जूनपर्यंतचेच होते. डीआरसी-१३ जुलैत आली असती तर उच्च न्यायालयाशिवाय वाट नव्हती, आणि वहीविक्रेता रिट याचिकेचा खर्च कुठून करणार?

अपिलासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के आधी भरावे लागतात. व्याज-दंड त्यात धरत नाहीत, त्यामुळे रक्कम आली १८,०००. खाते बंद, म्हणून चलन पत्नीच्या खात्यातून भरले. एपीएल-०१ दाखल केले, उशिराच्या माफीचा अर्ज जोडला. ही रक्कम भरली की उरलेल्या वसुलीला कलम १०७(७) ने आपोआप स्थगिती मिळते. पण ती कागदावर! बँक कलम वाचत नाही, तिला डीआरसी-१३ काढणाऱ्या अधिकाऱ्याचेच पत्र लागते. नोटीस मागे घेण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला कलम ७९ मध्येच आहे. अपिलाची पोच आणि चलन जोडून आम्ही तसा अर्ज केला. पत्र निघाले, पण शाखेने ते परराज्यातल्या आपल्या विधी विभागाकडे पाठवले आणि अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवरून खात्री मागितली. खाते सुटेपर्यंत हंगाम ओसरला होता.

ज्यांना अपील करायचेच नाही, रक्कम मान्य आहे, त्यांना डीआरसी-२० मध्ये हप्ते मागता येतात, जास्तीत जास्त चोवीस. हेसुद्धा खाते गोठल्यावरच कुणीतरी सांगते.

केंद्राच्या अखत्यारीतल्या करदात्यांबद्दल आपण काही करू शकणार नाही, हे मला कळते. राज्य कर खात्याला मात्र एका परिपत्रकाने सांगता येईल की डीआरसी-१३ काढण्याआधी किमान पंधरा दिवस दुकानाच्या पत्त्यावर टपालाने एक पत्र जावे आणि त्यात अपिलाची शेवटची तारीख ठळक लिहिलेली असावी. गोव्यात वॉर्ड ऑफिसपासून दुकान किती लांब असते? खरे तर माणूस पाठवला तरी चालेल. बँकेला लिहितानाही मागणीपुरतीच रक्कम अडवा, खात्याचा बाकी व्यवहार चालू ठेवा, असे स्पष्ट लिहावे. आमच्या उदाहरणात ८२,००० रुपये मागणीबाहेरचे होते, तरी तेही अडकले, आणि त्यातूनच दोन नोकरांचे पगार व्हायचे होते. अपिलाची पोच हाती आल्यावर नोटीस मागे घेणारा ईमेल दोन कामकाजाच्या दिवसांत थेट बँकेला जावा, त्याची प्रत करदात्याला मिळावी.

यातल्या कशालाही कायदा बदलावा लागत नाही. मसुदा हवा असल्यास मी तयार करून देईन.

आपला,
एक कर सल्लागार, डिचोली