ज्येष्ठांची सवलत थांबली, दिव्यांगांची नाही

मा. संपादक,
यांस,

महोदय,

गेल्या महिन्यात कोल्हापूर स्थानकावर आरक्षणाच्या रांगेत उभी होते. पुढे एक आजोबा होते आणि त्यांच्या पाठोपाठ काठीच्या आधाराने चालणाऱ्या मुलाला घेऊन आलेली त्याची आई. आजोबांना खिडकीवरून ज्येष्ठांची सवलत बंद असल्याचं सांगितलं गेलं, तशी ती आई रांगेतून बाहेर पडली. मी तिला थांबवून विचारलं, तर म्हणाली, "सगळ्याच सवलती बंद झाल्यात म्हणं, मग कशाला उभं राहायचं?" हा समज आपल्या भागात फार पसरला आहे आणि त्यापायी माणसं हक्काचे पैसे सोडून देतात. म्हणून हे पत्र.

बंद झाली ती ज्येष्ठ नागरिकांची सवलत. पूर्वी साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळायची. मार्च २०२० मध्ये ती थांबवली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. ज्येष्ठांसाठी आज उरला आहे तो खालच्या बर्थचा कोटा. त्यात पुरुषांना ६० वर्षे आणि स्त्रियांना ४५ वर्षे पुरतात. एकटे किंवा दोघेच जाणार असाल तर तिकीट काढतानाच हा कोटा मागावा. भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं.

विद्यार्थ्यांची सवलत चालू आहे. घरी जाण्यासाठी किंवा शैक्षणिक सहलीसाठी सेकंड क्लास आणि स्लीपरच्या भाड्यात निम्मी, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सूट असते. महाराष्ट्र एक्सप्रेसने विदर्भात आपल्या गावी जाणाऱ्या मुलांना ती मोठी वाटते. ती स्वतःच्या ओळखपत्रावर मिळत नाही. संस्थाप्रमुखांच्या सहीशिक्क्याचा रेल्वेचा सवलतीचा फॉर्म घेऊन खिडकीवर जावं लागतं, म्हणून सुट्टी लागायच्या आधीच कॉलेजच्या कार्यालयात चौकशी केलेली बरी.

मला खरं सांगायचं आहे ते दिव्यांगांच्या सवलतीबद्दल, कारण तिथे पात्र माणसाचीही अडवणूक होते आणि ती कुठे होते हे मी माझ्या भाच्याच्या निमित्ताने पाहिलं आहे.

भाचा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. जन्मापासून दोन्ही पायांत ताकद नाही, उचलून गाडीत चढवावं लागतं. दर तीन महिन्यांनी मुंबईला तपासणीसाठी जायचं, तेही महालक्ष्मीने, आईला सोबत घेऊन. त्याच्याकडे टक्केवारी लिहिलेलं दिव्यांगत्वाचं सरकारी कार्ड होतं. बहिणीने दोन वर्षांपूर्वी तेच खिडकीत दिलं आणि सवलतीचं तिकीट मिळालं नाही. खिडकीवरच्या माणसावर ती चिडली, पण नियम वाचल्यावर कारण कळलं. ते कार्ड अपंगत्व किती टक्के आहे ते सांगतं. रेल्वे विचारते वेगळाच प्रश्न: हा माणूस सोबत कोणी नसताना प्रवास करू शकतो का?

म्हणूनच रेल्वेची सवलत चार प्रकारच्या दिव्यांगांना आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग व पक्षाघातग्रस्त, तशाच अवस्थेतले मतिमंद, पूर्ण अंध, आणि ज्यांना ऐकू व बोलू दोन्ही अजिबात येत नाही असे. कानाने कमी ऐकू येतं पण बोलता येतं, त्याला ही सवलत नाही. तसंच ४० टक्के अपंगत्व असलेला पण एकटा हिंडणारा माणूसही या व्याख्येत बसत नाही, हे आधीच समजून घेतलं तर हेलपाटे वाचतात.

पुरावा म्हणून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तो सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. आमचा पहिला दाखला दोन कारणांनी परत आला. फोटो चिकटवला होता, पण डॉक्टरांची सही आणि शिक्का त्याच्या खाली होता. तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा, म्हणजे फोटो बदलता येत नाही. दुसरं म्हणजे, जन्मवर्ष चुकल्यावर डॉक्टरांनी वर गिरवून दुरुस्त केलं होतं. या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. दोन्ही चुका डॉक्टरांच्या टेबलावरच दिसल्या असत्या, पण काय बघायचं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बहिणीला पोराला पाठीवर घेऊन पुन्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

दाखल्याची मुदतही वयावर ठरते. अपंगत्व कायमचं असलं तरी पंचवीस वर्षांपर्यंतच्या माणसाचा दाखला पाच वर्षं चालतो, सव्वीस ते पस्तीस या वयात दहा वर्षं, आणि पस्तीशीनंतर आयुष्यभर. तात्पुरत्या अपंगत्वाला पाचच वर्षं. भाच्याच्या दाखल्याची मुदत त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी संपेल, तेव्हा नवा काढावा लागेल. घरच्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण आयत्या वेळी तिकीट काढताना ती आठवत नाही.

दाखला हातात आल्यावर divyangjanid.indianrail.gov.in या ठिकाणी अर्ज करून रेल्वेचं ओळखपत्र काढावं. फोटो, दाखला, जन्मतारखेचा, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा जोडायचा. कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं. कागद तपासून मग कार्ड मिळतं, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही. कार्डाचा क्रमांक मिळाला की मोबाइलवरूनही सवलतीचं तिकीट निघतं. मूळ कार्ड किंवा दाखला प्रवासात जवळ ठेवायचा, टीसी मागू शकतो.

फरक किती पडतो ते सांगते. अस्थिव्यंग माणसाला स्लीपरमध्ये आणि थ्री एसीतही मूळ भाड्यावर ७५ टक्के सूट, टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. सोबत्यालाही तेवढीच सूट. समजा स्लीपरचं मूळ भाडं ४०० रुपये आहे. सूट धरून १०० होतात. आरक्षण शुल्काचे २० रुपये मात्र कमी होत नाहीत. म्हणजे दोघांचे ८४० ऐवजी २४० लागतात. तत्काळ कोट्यात मात्र सवलत नाही. बहीण एकदा घाईत तत्काळ काढून पूर्ण भाडं भरून आली. नेहमीच्या स्लीपर डब्यात दिव्यांग आणि सोबती यांच्यासाठी चार बर्थ राखीव असतात, दोन खालचे आणि दोन मधले. ते आधी मागावेत.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझ्या दोन विनंत्या आहेत. जिल्ह्यात दिव्यांग तपासणीची शिबिरं भरतात, तिथे त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी रेल्वेचा फॉर्मही भरून द्यावा. माणूस समोर असतो, शिक्का हाताशी असतो. आणि कोल्हापूर स्थानकावर, आरक्षणाच्या खिडकीशेजारी, नीट भरलेल्या दाखल्याचा मराठी नमुना काचेत लावावा, फोटोवर शिक्का कसा यायला हवा हे दिसेल असा. रांगेतल्या त्या आईला मी माझ्या डायरीतलं पान फाडून एवढं लिहून दिलं, पण तिच्या मागे उभे असलेल्यांना ते कुठे वाचायला मिळणार?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर