चिन्मय, डिक्सन आणि आपलं जुनं भांडण

प्रिय सुध्या,

गुडघा ठीक आहे, साखर आटोक्यात. उशीर का झाला ते विचारू नकोस. आज बसलो ते चिन्मयमुळे. रविवारी शिकागोच्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं १९६२चं 'यू नीड लव्ह' लावलं होतं. आतून ओरडला, "मामा, या म्हाताऱ्याने झेपेलिन ढापलंय!" इंग्रज बँडांनी काळ्यांची गाणी चोरली, हे तुझं जुनं म्हणणं; आता हे तुला नाही तर कोणाला सांगू? बंड्या म्हणेल, बरं मग?

गाणं विली डिक्सनचं. लेड झेपेलिन या इंग्रज बँडच्या १९६९च्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये रॉबर्ट प्लांट गातो त्यातले बरेच शब्द तिथलेच आहेत. गिटारचा रिफ मात्र त्यांच्या जिमी पेजचाच. शब्द उचललेत हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, तरी तू चहा अर्धा टाकून निघून गेलास! लेबलवर बँडमधल्या चौघांची नावं, डिक्सनचा पत्ता नाही. गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. डिक्सन शिकागोत राहायचा, म्हणजे त्याचा माल इंग्लंडला जाऊन परत त्याच्याच देशात खपला. त्याने १९८५मध्ये दावा लावला, १९८७ला तडजोड झाली, तेव्हा कुठे नाव लागलं.

पण तू रोलिंग स्टोन्सनाही त्याच माळेत ओवतोस, ते मला आजही पटत नाही. त्यांचा गायक जॅगर पोरगा असताना शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालाने रेकॉर्डी मागवायचा. तिकडे त्या मुख्यतः काळ्या वस्तीतल्या दुकानांत आणि काळ्यांच्या रेडिओवर चालायच्या. बहुतेक गोऱ्या पोरांना त्यांचा गंधही नव्हता. हाऊलिंग वुल्फने १९६१मध्ये गायलेलं डिक्सनचंच 'लिटल रेड रूस्टर' स्टोन्सनी १९६४ला काढलं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि गीतकार म्हणून डिक्सनचं नाव ठेवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या 'शिंडिग' कार्यक्रमाने बोलावलं, तर यांचा आग्रह, वुल्फही हवा. तो धिप्पाड माणूस उभा राहून गातोय आणि ही पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकताहेत, हे तू बघितलंयस. वुल्फ अमेरिकेचाच, पण अमेरिकेच्या घराघरांत शिरला तो लंडनच्या पोरांचं बोट धरून.

आता माझी खरी पंचाईत. नाव लावलं, पण पैसे कोणाला? डिक्सनच्या गाण्यांचे हक्क होते आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे, आणि त्यात रेकॉर्ड कंपनीच्या मालक चेस बंधूंचीच भागीदारी. पुढे डिक्सनला त्यांच्याशीही भांडावं लागलं. म्हणजे स्टोन्सनी इमानदारीने नाव छापलं, तरी रक्कम आधी मालकांच्याच पेटीत पडणार. नाव गाळणारा चोर हे चिन्मयला समजावता येतं. नाव लावूनही ज्याला वाटा नीट मिळाला नाही, त्याचं काय सांगू? वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो, उलटतपासणी घेतो माझी. जोशी सर असते तर दोघांनाही वर्गाबाहेर काढलं असतं.

वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी ठरतंय ते कळव. पिंकीला नोकरी लागल्याचं ऐकलं, शाब्बास म्हणावं.

आणि 'रूस्टर'ची ती सिंगल तुझ्याकडेच आहे. नाकारू नकोस, कव्हरवर माझी सही आहे.

तुझा,
विन्या