वीस ग्रॅम चॉकलेट

सांगली, रविवार

प्रिय दिग्या,

तुझं पत्र मिळालं. ऑर्वेलचं '१९८४' तू पन्नास पानांवर मिटून ठेवलंस आणि वर मलाच ऐकवतोस, की ही कॅमेऱ्यांची गोष्ट आहे, आमच्या सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत, त्यात आता नवल ते काय! तू मिटवलंस नेमकं नको तिथे. माझ्यासारख्या प्रूफं तपासून डोळे घालवलेल्या माणसाला ते पुस्तक जिथे टोचतं, ती जागा त्याच्या जरा आसपासच आहे.

आधी कॅमेऱ्याचं उरकतो. कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याच्या खोलीत भिंतीवर टेलिस्क्रीन असतो. तो दाखवतोही आणि बघतोही. आवाज कमी करता येतो, बंद मात्र करता येत नाही. सकाळच्या कवायतीत विन्स्टन नीट वाकत नाही, तर पडद्यावरची बाई त्याला नंबर घेऊन झापते. पण एरवी आत्ता, या घटकेला, आपल्याकडे कुणी बघतंय की नाही हे कुणालाच कळत नाही. त्यामुळे सगळे कायम बघितल्यासारखेच वागतात, आणि सरकारचं काम स्वस्तात होतं. गंमत बघ, त्या देशातल्या शंभरांतल्या पंच्याऐंशी लोकांवर, म्हणजे कष्टकऱ्यांवर, ही पाळत जवळजवळ नाहीच. बहुतेकांच्या घरात तो पडदासुद्धा नाही. पाळत आहे ती कारकुनांवर, लिहिणाऱ्यांवर. कारण कागद त्यांच्या हातात असतो.

आता विन्स्टनच्या टेबलाशी ये. नोकरी सत्य मंत्रालयात, दफ्तर विभागात. खुराड्याएवढी जागा. भिंतीत एक बारीक नळी, तिच्यातून हुकमाच्या चिठ्ठ्या येतात. एक जाड नळी, तिच्यातून वर्तमानपत्राचे जुने अंक. आणि बाजूला जाळी लावलेली एक फट. रद्दी तिथे टाकायची, ती खाली कुठेतरी भट्टीत जाते. या फटीला तिथले लोक स्मृतिविवर म्हणतात. (ज्या भोकात स्मृती जाळतात त्याला हे नाव! ऑर्वेल तसा कोरडा माणूस, पण अशा ठिकाणी खवचट होतो.)

एका दिवसाचं काम सांगतो. फेब्रुवारीत सरकारनं जाहीर केलेलं असतं, की १९८४ मध्ये चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही. एप्रिलमध्ये ते तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर येणार असतं. विन्स्टन तो जुना अंक मागवतो आणि आश्वासनाच्या जागी असं घालतो, की एप्रिलच्या सुमारास रेशन कमी करावं लागण्याची शक्यता आहे. दुरुस्ती अंकाला टाचून नळीत सरकवतो. चिठ्ठी आणि स्वतःची टिपणं फटीत. पुढे अंक नव्यानं छापतात, जुनी प्रत नष्ट होते आणि नवी फायलीत जाऊन बसते. सरकारचा शब्द मोडला, याचा जगात एकही पुरावा उरत नाही.

आणि त्याला आलेल्या हुकमात 'खोटं लिही' असं कधीच नसतं. तिथे चूक, छपाईतली गफलत, चुकीचा उतारा असेच शब्द. अचूकतेसाठी दुरुस्त करावं, एवढंच! दिग्या, हे वाचून माझ्या पोटात कसंसं झालं. ही तर माझीच भाषा! तुला आठवत असेल, एका पुस्तकात माझ्या नजरेतून कवीच्या वडिलांचं नाव चुकीचं निसटलं होतं. सातशे प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी मी हातानं डकवली, मालकाची बोलणी खात. 'अशुद्ध'खाली माझी चूक आणि 'शुद्ध'खाली खरं नाव. पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी माझी फजिती दिसायची. तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, शुद्धिपत्रात चूक शिल्लक राहते, विन्स्टनच्या दुरुस्तीत ती राहत नाही, फरक एवढाच, पण तोच सगळा फरक.

चॉकलेटची गोष्ट इथे संपत नाही. कपातीची घोषणा होऊन एकच दिवस झालेला असतो. कँटीनमध्ये जेवताना पडदा सांगतो, की रेशन आठवड्याला वीस ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून देशाचा सर्वेसर्वा बिग ब्रदर याचे आभार मानले. विन्स्टन इकडेतिकडे बघतो. शेजारचा पार्सन्स ते सहज गिळतो. ऑफिसातला हुशार साइमही गिळतो, जरा वळसा घेऊन. कालचा तीसचा आकडा फक्त आपल्यालाच आठवतोय की काय, असं विन्स्टनला वाटतं. भीतीचं खरं काम इथे आहे. "अरे, कालच तर कमी केलं ना?" एवढं शेजाऱ्याला विचारायची सोय नाही. पार्सन्सला पुढे त्याच्याच सात वर्षांच्या पोरीनं पकडून दिलं. तो झोपेत काहीतरी बरळला, तिनं कुलपाच्या भोकातून ऐकलं. कोठडीत बसून बापाला पोरीचा अभिमान वाटतो! अशा घरात कोण कुणाशी आठवण ताडून बघणार? कागद जळालेला, आणि माणूस माणसाशी बोलत नाही. मग तीस ग्रॅम राहणार कुठे?

हे सगळं कादंबरीतलंच म्हणशील, म्हणून एक खरी गोष्ट. रशियात १९५३ मध्ये बेरियाला, म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला, अटक झाली आणि वर्षअखेरीला गोळी घातली. पण सोव्हिएत विश्वकोशाच्या पाचव्या खंडात त्याच्यावर फोटोसकट लांबलचक नोंद होती आणि खंड घरोघरी पोचला होता. तेव्हा वर्गणीदारांना पत्रं गेली, की ती पानं कात्रीनं किंवा ब्लेडनं कापा, शिवणीजवळ पट्टी राखा आणि सोबतची नवी पानं तिथे चिकटवा. नव्या पानांत बेरियाच्या शेजारच्याच, बेरिंगच्या समुद्राची माहिती ऐसपैस वाढवली होती. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीतच गेला, त्यानं हे पाहिलं नाही. मला तो वर्गणीदार दिसतो. रात्री दिव्याखाली बसलाय, पट्टी ठेवून सरळ कापतोय. बांधणी बिघडू नये म्हणून जपतोय.

विन्स्टनही तसाच जपतो. द्वेष सप्ताहात भर भाषणात शत्रुदेश बदलतो, आणि पाच वर्षांची कागदपत्रं पालटायला तो पाच दिवसांत नव्वदहून जास्त तास राबतो. त्याला त्यात खंत वाटत नाही. खोटेपणात कुठे खोट राहू नये, एवढीच काळजी. आपल्या कामात त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद मिळतो, असं ऑर्वेल आधीच सांगून ठेवतो. छळाच्या प्रकरणांपेक्षा मला हे वाक्य जास्त छळतं. कारण तो आनंद मी ओळखतो रे, निर्दोष फर्म्याचा.

तू शेवटपर्यंत वाच. छळ बिळ होऊन गेलेला असतो, विन्स्टन कॅफेत एकटा बसलेला असतो. अचानक त्याला लहानपणची एक संध्याकाळ आठवते. पाऊस, आई, आणि तिनं आणलेला सापशिडीचा खेळ. आठ डाव होतात, चार त्याचे, चार आईचे. सोंगट्या शिडीवर चढल्या की तो खिदळतो, आणि बाकीचे हसतात म्हणून धाकटी बहीणही हसते. आणि मग तो ती आठवण मनातून दूर सारतो. खोटी आठवण आहे, म्हणतो. तिथे नळी नाही, फट नाही, हुकमाची चिठ्ठीही नाही.

वहिनींना नमस्कार. माझी प्रत तुझ्याकडेच आहे, परत पाठवताना पानं दुमडू नकोस.

तुझा,
वसंता