बिलावर ‘दुरुस्ती’ लिहिले म्हणून ती दुरुस्ती होत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या उद्योगविषयक पानावरील लघुउद्योगांच्या कराबाबतच्या मजकुरात मोठी रक्कम म्हणजे भांडवली खर्च आणि किरकोळ रक्कम म्हणजे महसुली, असा सूर होता. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या बऱ्याच वर्कशॉपच्या वह्याही याच समजुतीवर लिहिल्या जातात, म्हणून हे पत्र. आयकरात रकमेच्या आकारावरून असा फरक होत नाही. खर्चामुळे असलेले मशिन पूर्वीसारखे चालू राहिले, की धंद्याच्या हाती पूर्वी नसलेले काही आले, हे पाहिले जाते.

लेथचे उदाहरण घेऊ. सीएनसी लेथचा स्पिंडल आवाज करू लागला, जॉबवर टेपर येऊ लागला. बेअरिंगचा संच, बेल्ट, सील आणि फिटरची मजुरी धरून १,८०,००० रुपये लागले. रक्कम लहान नाही. तरी मशिन पूर्वी जे करत होते तेच पुन्हा करू लागले. ही चालू दुरुस्ती, म्हणजे महसुली खर्च. सगळी रक्कम त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होते. जळालेली मोटर बदलली तरी तसेच, कारण मोटर हा मशिनचा भाग आहे. एकटी मोटर जॉब काढत नाही.

आता त्याच शेडमधला हाताने चालणारा जुना लेथ घ्या. त्यावर कंट्रोलर, सर्व्हो मोटर, बॉल स्क्रू चढवून त्याचा सीएनसी केला. खर्च ६,००,००० रुपये. बेड जुना, हेडस्टॉक जुना, आणि काम करणाऱ्याच्या बिलावर ‘मशिन रिपेअर चार्जेस’ असे लिहिलेले. हिशेबनीस ते सरळ दुरुस्ती खात्यात टाकतो. पण आधी जो लेथ टर्नरच्या हातावर चालत होता, तो आता प्रोग्रॅमवर चालतो आणि पूर्वी न घेता येणारे काम घेतो. ही क्षमता नवी आहे, म्हणून हा खर्च भांडवली आहे. तो मशिनच्या किमतीत मिळवायचा आणि त्यावर वर्षाला १५ टक्के घसारा घ्यायचा.

फरक किती पडतो, ते भागीदारी फर्मच्या आकड्यांत पाहू. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के (अधिभार लागत नाही असे धरून). सगळे ६ लाख दुरुस्ती म्हणून दाखवले, तर पहिल्याच वर्षी कर १,८७,२०० रुपयांनी कमी होतो. भांडवली धरले, तर पहिल्या वर्षी घसारा ९०,००० आणि करातली बचत २८,०८० रुपये. पुढच्या वर्षी उरलेल्या ५,१०,००० वर १५ टक्के, म्हणजे ७६,५०० रुपये घसारा. दर वर्षी तो असाच उतरत जातो आणि पाच वर्षांनंतरही सुमारे २ लाख ६६ हजार रुपये वजा व्हायचे राहिलेले असतात. नव्या मशिनवरचा २० टक्के जादा घसारा या गणितात धरलेला नाही. जुन्या सांगाड्यावर चढवलेल्या भागांना तो मिळेलच असे नाही.

तपासणीत हा खर्च दुरुस्ती म्हणून नाकारला गेला, तर अधिकारी घसारा देतो, म्हणजे पैसे कायमचे बुडत नाहीत. पण पहिल्या वर्षाचा १,५९,१२० रुपयांचा फरक महिना एक टक्का व्याजासह भरावा लागतो, आणि दंडाचा प्रश्न वेगळा.

खरा वादाचा भाग याच्या पुढचा आहे. मशिन आधीपासूनच सीएनसी आहे, कंट्रोलर बंद पडला आणि त्या जातीचे कार्ड आता बाजारात मिळतच नाही. मग नव्या पिढीचा कंट्रोलर बसवावा लागतो. तो जरा वेगवान असतो, स्क्रीनही चांगला असतो. पण तेवढ्याने खर्च भांडवली होत नाही, असे माझे मत. हेतू बंद मशिन चालू करण्याचा होता, आणि मशिनचे काम तेच राहिले. मात्र हे कागदावर दाखवता आले पाहिजे. बंद पडल्याची नोंद, जुने कार्ड मिळत नाही असे पुरवठादाराचे पत्र, काढलेल्या भागाची स्क्रॅप म्हणून विक्री, एवढे फाइलला असू द्या. त्याच वेळी चौथा अक्ष किंवा ऑटो लोडर जोडून घेतला असेल, तर त्याचे बिल वेगळे मागा. एकाच बिलात दोन्ही असले की अधिकारी सगळी रक्कम भांडवली धरायला बघतो, आणि ती सुटी करून दाखवायला तुमच्याकडे काही नसते.

दुसरी चूक अख्खे यंत्र बदलताना होते. शेडमधला जुना एअर कॉम्प्रेसर काढून नवा बसवला आणि ‘कारखाना तोच, त्यातला एक भाग बदलला’ म्हणून तो दुरुस्तीत टाकला. हाच युक्तिवाद सरवणा स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात होता: गिरणी हेच एक यंत्र, सूत कातणारी रिंग फ्रेम त्यातला भाग. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो मानला नाही. रिंग फ्रेम स्वतःचे काम स्वतः करते, ते स्वतंत्र यंत्र आहे आणि ते बदलणे म्हणजे चालू दुरुस्ती नव्हे, असा तो निकाल. कॉम्प्रेसरलाही हेच लागू पडते. त्याचा एअर-एंड उघडून बेअरिंग बदलले तर दुरुस्ती. कॉम्प्रेसरच नवा आणला तर भांडवली.

नवे मशिन घेताना चूक उलट बाजूने होते. मशिनचे बिल बरोबर मालमत्तेत जाते, पण ट्रकचे भाडे, क्रेन, पायाचे काँक्रीट आणि त्या मशिनसाठी ओढलेली केबल इकडेतिकडे खर्चात विखुरते. मशिन जागेवर बसून चालण्याजोगे होईपर्यंतचा असा खर्च त्याच्या किमतीत येतो. कर्जाचे व्याजसुद्धा मशिन वापरात येईपर्यंत किमतीत, नंतरचे महसुली. इथे तारीख सांभाळा. त्या वर्षात मशिन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर घसारा निम्मा, म्हणजे १५ ऐवजी साडेसात टक्के. लीप नसलेल्या वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची सुरक्षित तारीख. तीही वापर सुरू झाल्याची, बिलाची नव्हे. सप्टेंबरमध्ये बिल आणि दिवाळीनंतर वीज जोडणी, असे झाले तर निम्माच घसारा. वीजबिल आणि पहिल्या जॉबचे चलन तेच सांगते.

जीएसटीचे मात्र ध्यानात ठेवा. मशिनच्या किमतीत जीएसटी मिळवून त्यावर घसारा घेतला, तर त्याचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. दोन्हींपैकी एकच.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. भांडवली आणि महसुली हा भेद कायम आहे.

भाड्याच्या शेडमध्ये कारखाना असलेल्यांसाठी एवढेच. फुटलेले पत्रे बदलणे ही दुरुस्ती. पण ती भाडेकरूने करायची, असे भाडेकरारात लिहिलेले आहे का, ते आधी पाहा. पोटमाळा चढवला किंवा ऑफिससाठी पक्की खोली बांधली, तर जागा मालकाची असली तरी तुम्ही ती इमारत तुमचीच असल्यासारखा घसारा घ्यायचा. त्याचा दर १० टक्के.

आपला,
एक करसल्लागार,
विश्रामबाग, सांगली