तिसरा शनिवार, साडेपाच

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या घरात आभार मानले की तुम्ही "काय हे परक्यासारखं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितोय. महिन्याच्या पत्त्यांच्या बैठकीसाठी तुम्ही जो एक मेसेज लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्याआधी हे काम माझ्याकडे होतं आणि मी त्याचं काय करून ठेवलं होतं, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

माझे मेसेज असे असायचे: "शनिवारी संध्याकाळी बसू या का?" कुणाची संध्याकाळ, हे लिहायचं मला सुचतच नसे. मग एकदा शहाणपणा करून "नेहमीच्याच वेळी" असं लिहिलं. तो महिना मार्चचा. ताई न्यू यॉर्कला सवयीप्रमाणे सकाळी सातला येऊन बसली आणि तासभर रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिली. तिथलं घड्याळ आठवडाभरापूर्वीच तासाने पुढे गेलं होतं, त्यामुळे आपले साडेपाच म्हणजे तिचे आठ. पुढच्या महिन्यात सिडनीच्या काकांची पाळी. तिथलं घड्याळ उलट मागे आलं होतं. ते नेहमीसारखे रात्री अकराला आले तेव्हा आम्ही शेवटचा डाव वाटत होतो. काका काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

नंतर तुमचा मेसेज आला. तो इथे जसाच्या तसा देतो, कारण तो मी जपून ठेवलाय:

"पत्त्यांची बैठक दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, भारतात संध्याकाळी ५:३० वाजता. भारताची वेळ पक्की, बाकीच्यांनी आपापली ओळ बघावी.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी: न्यू यॉर्क सकाळी ७, लंडन दुपारी १२, सिडनी रात्री ११.
मार्च: न्यू यॉर्क ८, लंडन १२, सिडनी ११.
एप्रिल ते सप्टेंबर: न्यू यॉर्क ८, लंडन १, सिडनी १०.
ऑक्टोबर: न्यू यॉर्क ८, लंडन १, सिडनी ११.
खेळ जजमेंट, सात पानांपासून एका पानापर्यंत, एकच फेरी. पानं ५:४० ला वाटणार. उशिरा येणाऱ्याने कुणाच्या तरी बाजूने बघत बसावं, मध्ये शिरू नये."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चार ओळी कशाला, उन्हाळ्याची एक आणि हिवाळ्याची एक पुरली असती. मग कॅलेंडर घेऊन बसलो. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, लंडनचं मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि सिडनीचं एप्रिलच्या पहिल्या रविवारी. परत फिरताना सिडनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, लंडन ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तिसरा शनिवार नेहमी १५ ते २१ तारखेत येतो. म्हणजे यातला कुठलाही बदल आपल्या बैठकीच्या अगोदर तरी होऊन गेलेला असतो, नाहीतर सरळ नंतर येतो. दरवर्षी तेच. घोळाचे महिने दोनच उरतात, मार्च आणि ऑक्टोबर, आणि त्यांना तुम्ही स्वतंत्र ओळ दिलीत. या देशांनी नियम बदलले नाहीत तर हा मेसेज पुन्हा लिहायची गरज नाही. पहिला शनिवार धरला असता तर घड्याळ बदलायच्या आदल्या दिवशीच बैठक आली असती आणि मी पुन्हा घोळ घातला असता.

तुम्ही स्वतः लंडनला राहता. तुमचे बारा वाजता हे कायम ठेवून बाकीच्यांना फिरवणं तुम्हाला सोपं होतं. तरी पक्की वेळ भारताची घेतलीत, कारण इथलं घड्याळ वर्षभर हलत नाही. साडेपाचच का, हे तर मला फार उशिरा कळलं. साडेसहा केले असते तर हिवाळ्यात सिडनीला मध्यरात्रीचे बारा वाजले असते, म्हणजे काकांचा रविवार सुरू झाला असता. "शनिवारी" म्हटल्यावर सगळ्यांचा शनिवारच असावा, एवढ्यासाठी तो एक तास. आणि साडेचार केले असते तर ताईला हिवाळ्यात सहाला उठवलं असतं.

खेळाबद्दल मी तुमच्याशी भांडलो होतो, तेही कबूल करतो. मला मेंढीकोट हवा होता. पण मेंढीकोटला चार भिडू लागतात आणि आपण सात. तीन जणांनी नुसतं बघायचं का, हा तुमचा प्रश्न बिनतोड होता. बदाम सातमध्ये बावन्न पानं सातांत सारखी वाटली जात नाहीत, तिघांना एक पान जास्त जातं आणि त्यावरून आत्या दरवेळी कुरकुर करते. रमीला दोन कॅट, शिवाय पॅक झालेला माणूस कंटाळून कॉल सोडतो. जजमेंटमध्ये सातांना सात-सात पानं गेली की तीन बाजूला राहतात, आणि एक्का त्या तिनांत आहे की कुणाच्या हातात, हे कुणालाच कळत नाही. एखादा आला नाही तरी खेळ अडत नाही.

एकच फेरी, हाही तुमचाच हट्ट. मी सातवरून एकवर आणि पुन्हा सातवर जाऊ म्हणत होतो. ते पंचावन्न हात झाले असते. एका फेरीत अठ्ठावीस होतात आणि तासाभरात उरकतं. काकांची झोप तुम्ही मोजली होती, मी नाही. शिवाय सात डाव आणि सात माणसं, म्हणजे सगळे जमले की प्रत्येकाला एकदाच वाटायला मिळतं. वाटणारा शेवटी बोलतो आणि त्याच्यावरच बंधन असतं: सगळ्यांच्या बोलीची बेरीज हातांच्या संख्येइतकी होऊ द्यायची नाही. ही शिक्षा आता सगळ्यांना सारखी मिळते.

परवाचा शेवटचा डाव आठवतो ना? एकेक पान, हुकूम किलवर, वाटणारे काका. ताईची उतारी, ती ठसक्यात "एक" म्हणाली. मग आम्ही पाचही जण शून्य. काकांनाही शून्यच म्हणायचं होतं, पण बेरीज एक होत होती, म्हणून नाइलाजाने त्यांनी "एक" लावलं. ताईने बदामचा एक्का टाकला. आमची पानं भराभर पडली, कुणाकडेच हुकूम नाही. शेवटी काकांनी किलवरची तिर्री ठेवली. क्षणभर आवाज पोचलाच नाही, नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसलं, आणि मग एकदम सगळीकडून ओरडा. काकांना अकरा गुण, ताईला भोपळा. सिडनीला अकरा वाजून गेले होते आणि काका "अजून एक वाटू का" विचारत होते. तुम्ही नाही म्हणालात. बरं केलंत.

एक बारीकशी विनंती आहे. आईला आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तिची बोली मागच्याच्या बोलीवर आदळते. पुढच्या वेळी मेसेजमध्ये एवढं घालाल का, की आधी नाव घ्यायचं आणि मग आकडा बोलायचा? मीही घातलं असतं, पण त्या मेसेजला हात लावायचं धाडस होत नाही.

तुमचा,
मेंढीकोटवाला धाकटा दीर