मिलिंद, तुझ्या कॅप्शनबद्दल

पुणे, 13 सप्टेंबर 2026

प्रिय मिलिंद,

उद्या गणपती बसतायत, म्हणजे तुझ्याकडे आज मोदकांची गर्दी असणार. तरीही हे पत्र आजच लिहायला घेतलं. कंपन्यांसाठीच्या दिवाळी गिफ्ट बॉक्सची जाहिरात तू विसर्जनानंतर लगेच टाकणार म्हणालास, आणि तिचा मजकूर त्याआधी पक्का व्हायला हवा.

तू पाठवलेलं कॅप्शन वाचलं. ‘नात्यांमध्ये गोडवा वाढवा, आकर्षक दर, मर्यादित स्टॉक, आजच संपर्क करा.’ मिलिंद, यातलं एकही वाक्य माझ्या कामाचं नाही. मी इथे कंपनीत परचेसला आहे, दरवर्षी दिवाळीच्या भेटींची कोटेशन्स माझ्याच टेबलावर येतात. तुझं कॅप्शन वाचणारा माणूस माझ्यासारखाच असणार. त्याला मिठाई खायची नसते, त्याला साहेबांपुढे एक कागद ठेवायचा असतो. त्या कागदावर तीनच गोष्टी लागतात: बॉक्समध्ये काय आहे, इतक्या नगांना सगळं धरून किती पडेल, आणि कधीपर्यंत सांगायचं. ज्याच्या मजकुरात हे नसतं त्याला आम्ही फोन करत नाही, पुढच्याकडे वळतो.

आधी बॉक्स. त्यातले मलई पेढे काढ. तुझे पेढे कोल्हापुरात एक नंबर आहेत, पण खव्याचा माल चार दिवसांचा. कंपनीत वाटप होणार 5 नोव्हेंबरला, गुरुवारी, कारण शुक्रवारी धनत्रयोदशी आहे आणि बरेच लोक त्या दिवशी गावाला निघालेले असतात. भाऊबीज 11 तारखेला. कामगार घरी नेऊन बॉक्स उघडेपर्यंत पेढ्याला वास आला, तर नाव कंपनीचं जातं आणि पुढच्या वर्षी ऑर्डर तुझी जाते. काजू कतली सात दिवस चांगली राहते, बेसन लाडू महिनाभर, चिवडा-चकलीची तर काळजीच नाही. एवढंच ठेव.

ती थर्मासची बाटली घालायची कल्पनाही सोडून दे. नुसती मिठाई आणि फराळ असेल तर जीएसटी 5 टक्के. त्यात थर्मास घालून सगळ्याची मिळून एकच किंमत लावलीस की पूर्ण बॉक्सवर त्यातला सगळ्यात जास्त दर लागतो, म्हणजे 18 टक्के. तुझ्या लाडवावरसुद्धा. आणि हा कर कंपनीला परत मिळत नाही, भेट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट क्रेडिट नसतं. म्हणून तर मी दर बघतो तो नेहमी करासकट. ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिणाऱ्याचा दर स्वस्त दिसतो, पण मला तो पुन्हा हिशेब करून बघावा लागतो.

आता दराचे टप्पे. तू 25 ते 99 बॉक्सला 610, 100 ते 249 ला 580 आणि 250 पासून पुढे 550 ठरवलेस, ते ठीक आहे. पण 580 हा दर सगळ्या शंभर बॉक्सना की शंभराव्यापासून पुढच्यांना, हे लिहिलेलं नाही. सगळ्यांना, असं स्पष्ट लिही. मग एक गंमत होते ती बघ. 97 बॉक्स घेणाऱ्याचे 59,170 होतात आणि 100 घेणाऱ्याचे 58,000. तीन बॉक्स जास्त मिळूनही पैसे कमी. 96 पासून 99 पर्यंत सगळ्यांचं असंच होतं. परचेसवाल्याला हे दिसतंच, तेव्हा तूच आधी सांग. ‘95 च्या पुढे गेलात तर थेट 100 घ्या, स्वस्त पडेल’ हे वाचलं की माणसाचा तुझ्यावर विश्वास बसतो.

शेवटच्या तारखेबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. ‘मर्यादित स्टॉक’ यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण कारणासकट दिलेली तारीख सगळे पाळतात. उलटं मोजून बघ. पाडव्यापर्यंत टिकायची तर कतली 3 आणि 4 नोव्हेंबरलाच व्हायला हवी. पाचशे बॉक्स धरलेस तर सव्वाशे किलो कतली दोन दिवसांत, तीही दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक सांभाळून. त्यासाठी काजू आधी भरायला हवा, कारागीर बोलवायला हवेत, रिकामे बॉक्स येऊन पडायला हवेत. आठवडाभर आधी आकडा हातात नसेल तर तू एक तर कतली आधी करून ठेवशील किंवा ऑर्डर अर्धवट देशील. म्हणून साध्या बॉक्सला 28 ऑक्टोबर, बुधवार. कंपनीचं नाव छापायचं असेल तर छपाईवाल्याचे दिवस धरून 20 ऑक्टोबर, म्हणजे दसरा.

आणि ‘ऑर्डर’ म्हणजे काय तेही ठरव. आमच्याकडे ‘घेतोय, नक्की घेतोय’ म्हणणारे पुष्कळ असतात. नग, पत्ता आणि निम्मी रक्कम आली की ऑर्डर, तोवर ती चौकशी. मात्र पक्क्या ऑर्डरवर थोडे नग नंतर वाढवायची मुभा ठेव, कारण नवीन भरती झालेली माणसं एचआरला शेवटच्या आठवड्यात आठवतात.

हे बघ, मी असं लिहिलंय:

‘कंपन्यांसाठी दिवाळी गिफ्ट बॉक्स. 100 नगांपासून प्रत्येक बॉक्स ₹580, जीएसटीसह. ऑर्डर 28 ऑक्टोबरपर्यंत.

बॉक्समध्ये काजू कतली 250 ग्रॅम, बेसन लाडू 200 ग्रॅम, भाजक्या पोह्यांचा चिवडा 200 ग्रॅम, भाजणीची चकली 150 ग्रॅम. वजन मालाचं, बॉक्सचं वेगळं.

25 ते 99 नग : ₹610
100 ते 249 नग : ₹580
250 पासून पुढे : ₹550
दर प्रत्येक बॉक्सचा, सगळ्या नगांना तोच. 95 च्या पुढे जात असाल तर 100 घ्या, एकूण रक्कम कमी होते.

कतली 3 आणि 4 नोव्हेंबरलाच बनते, म्हणजे पाडव्यापर्यंत ताजी. म्हणूनच ऑर्डर 28 ऑक्टोबर, संध्याकाळी 6 पर्यंत. बॉक्सवर कंपनीचं नाव हवं असल्यास 20 ऑक्टोबरपर्यंत. नग, पत्ता आणि 50 टक्के आगाऊ रक्कम मिळाल्यावर ऑर्डर पक्की. पक्क्या ऑर्डरवर 10 टक्के वाढीव नग 1 नोव्हेंबरपर्यंत त्याच दराने.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीत 5 नोव्हेंबरला सकाळी पोच, 50 नगांपासून मोफत. जीएसटी बिल मिळेल. कोटेशनसाठी व्हॉट्सअॅप करा.’

याखाली तुझा नंबर आणि एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक टाक. दर आणि तारीख पहिल्याच ओळीत का, तर मोबाइलवर पुढचा मजकूर ‘आणखी’च्या मागे दडतो. तो न उघडताच लोक पुढे सरकतात.

26 सप्टेंबरला पोस्ट टाक. पितृपक्षात बरेच मालक ऑर्डर पक्की करत नाहीत, पण कोटेशनं मात्र तेव्हाच गोळा होतात. घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, त्या दिवशी हेच कॅप्शन पुन्हा टाक आणि ज्यांनी कोटेशन नेलंय त्यांना स्वतः फोन कर.

फोटो मात्र बॉक्स उघडून काढ, चारही पदार्थ दिसतील असा. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास