“लिवायचं काय त्यात?” – दुकानाच्या करारातली एक ओळ मला 30 हजाराला पडली

संपादक साहेब, नमस्कार.

शहापुरात पाच वर्षं माझं साड्यांचं दुकान होतं, भाड्याच्या गाळ्यात. गेल्या महिन्यात गाळा सोडला तर मालकांनी 2 लाखाच्या डिपॉझिटमधले 30 हजार कापून 1 लाख 70 हजार हातात दिले. सरळ फसवणूक म्हणून मी तावातावाने वकिलाकडे गेलो आणि तिथे कळलं की कागद सगळा त्यांच्याच बाजूने बोलतोय.

भाडं महिना 20 हजार ठरलं होतं, दरवर्षी 1 हजार वाढ. मी म्हटलं, दुकान बसायला वेळ लागतो, दुसऱ्या वर्षीची वाढ सोडा. मालक म्हणाले, सोडली की हो, त्यात लिवायचं काय, आपण काय परके आहोत? बाँड रायटरने दस्त कन्नडात तयार केला, वर ठळक ‘बाडिगे करारु पत्र’. मला कन्नड वाचता येतं पण अडखळत, तेव्हा रक्कम, मुदत आणि डिपॉझिट एवढंच बघितलं आणि सब-रजिस्ट्रारकडे जाऊन अंगठे-फोटो देऊन आलो. शेवटच्या पानावरची दोन कलमं वाचलीच नाहीत. एक, दोघांमधला करार हा एवढाच, याआधीचं तोंडी-लेखी सगळं बोलणं रद्द. दुसरं, पुढे बदल करायचा तर दोघांच्या सहीने लेखीच.

दुसऱ्या वर्षी मी 20 हजारच देत राहिलो, ते घेत राहिले. चौथ्या वर्षी दुकानासमोरचा रस्ता खोदला, गिऱ्हाईक येईना, तेव्हा त्यांनीच सहा महिने 3 हजार कमी द्या म्हटलं, हे पण तोंडीच. दुसऱ्या वर्षाचे 12 हजार आणि या सवलतीचे 18 हजार, झाले 30.

वकीलसाहेबांनी सांगितलं की ते ‘एवढाच करार’वालं कलम नसतं तरी दुसऱ्या वर्षाचं माझं म्हणणं टिकणं अवघडच होतं. जुन्या 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 92 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात तेच कलम 95 आहे. अटी एकदा कागदावर उतरल्या की त्या कागदाच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं दोन्ही पार्टींना कोर्टात सांगता येत नाही, अगदी साक्षीदार उभा केला तरी. कागदावर वाढ लिहिलीय, मी म्हणतो वाढ नाही, म्हणजे सरळ विरोधच झाला. कागद ज्यावर काहीच बोलत नाही, समजा मागची खोली वापरायची की नाही, तिथे तोंडी ठरलेलं सांगायला थोडी वाट असते, पण ‘एवढाच करार’ लिहिलं की ती वाटही अरुंद होते.

मग मी म्हटलं, हे फ्रॉड नाही काय? फ्रॉड असेल तर तोंडी पुरावा चालतो. पण नुसता शब्द मोडला म्हणजे फ्रॉड नव्हे, शब्द देतानाच पाळायचा नाही असं मनात होतं हे दाखवावं लागतं. माझे मालक तर वर्षभर 20 हजार गपचूप घेत होते, म्हणजे त्यांच्या मनात तेव्हा खोट नव्हती असंच दिसतं की!

रस्त्याच्या सवलतीचं मला जास्त वाईट वाटलं कारण ती करारानंतरची गोष्ट. साध्या लेखी करारात नंतर तोंडी बदल झाला तर तो निदान सांगता येतो, पण रजिस्टर केलेल्या दस्तात तेही बंद, त्याला पुरवणी दस्त करून तोही रजिस्टर करावा लागतो. एक फट मात्र होती. करार कायदा कलम 63 प्रमाणे येणं असलेला माणूस आपलं येणं स्वतःहून सोडू शकतो. पावतीवर ‘या महिन्याचं भाडं पूर्ण मिळालं’ असं असतं तर तो मुद्दा निदान मांडता आला असता. घरी येऊन पावतीबुक काढलं. सगळ्या पावत्यांवर मालकांचं अक्षर सुंदर, आणि सगळीकडे एकच, ‘भाड्यापोटी जमा’. पूर्ण हा शब्द कुठेच नाही. 30 हजारासाठी कोर्टात जायचं मी सोडून दिलं.

आता टिळकवाडीत गाळा घेतलाय. बाँड रायटरकडून सगळा दस्त मराठीत वाचून घेतला आणि ‘पहिली वाढ तिसऱ्या वर्षापासून’ ही ओळ सहीच्या आधी हाताने घालायला लावली, शेजारी दोघांच्या छोट्या सह्या घेतल्या कारण त्याशिवाय असली मधे घातलेली ओळ रजिस्ट्रार अडवू शकतो. नवे मालक जरा फुगले, म्हणाले एवढा पण विश्वास नाही काय वो? मी चहा मागवला.

– एक दुकानदार, बेळगाव